भाऊ गेला हे ऑफिसला कळलंय, पण कसा गेला तेही सांगू का?

ताई, मी ३१ वर्षांची, ऐरोलीला एका कंपनीत अकाउंट्स पेएबलमध्ये आहे, सहा वर्षं झाली. दुपारी एक ते रात्री दहाची शिफ्ट असते. पाच आठवड्यांपूर्वी माझा धाकटा भाऊ गेला, २६ वर्षांचा होता. आत्महत्या. आता घरी आई आणि मी, घणसोलीला राहतो. ऑफिसमध्ये मी फक्त फॅमिली इमर्जन्सी एवढंच टाकलं, पाच दिवस रजा घेतली आणि परत आले. भाऊ गेला हे सगळ्यांना कळलं, कारण काकांनी फोटोसकट स्टेटस ठेवलं होतं, पण कसा गेला ते कोणालाच माहीत नाही. मागच्या मंथ एंडला माझ्याकडून एक इन्व्हॉइस दोनदा पोस्ट झालं आणि पेमेंटही गेलं. आता मॅनेजरनी शुक्रवारी क्वालिटी या विषयावर मीटिंग लावलीय. सगळं सांगून टाकू का? नाही सांगितलं तर निष्काळजी ठरेन, सांगितलं तर कायम लोक माझ्याकडे त्याच नजरेने बघतील. आई म्हणते अपघात झाला असं सांग. काय करू?
— घणसोलीची वाचक

अगं, तुझं पत्र रात्री वाचलं आणि सकाळी उठून परत वाचलं. भावाचं ऐकून फार वाईट वाटलं गं. त्यावर इथे जास्त लिहीत नाही कारण तू विचारलंयस ते ऑफिसचं आणि शुक्रवार जवळ आलाय. मी चौदा वर्षं एचआरमध्ये काढली, त्यातली शेवटची आठ तुझ्याच ठाणे-बेलापूर रोडच्या पट्ट्यात, आणि माझ्याकडे ज्या टीम होत्या त्यात एक अकाउंट्स पेएबलची पण होती, त्यामुळे तुझा मंथ एंड कसा असतो ते मी जवळून बघितलंय.

माझं मत सरळ सांगते. भाऊ गेला हे त्यांना माहितीये, ते तुझ्या तोंडून एकदा नीट सांग. कसा गेला ते सांगू नकोस. आणि त्याचा तुझ्या कामावर काय परिणाम होतोय ते मात्र आत्ता सांगितलंयस त्याच्या दसपट सांग. तू आत्तापर्यंत नेमकं उलटं केलंयस, कारण कसं लपवायचं याचाच विचार करत राहिलीस आणि परिणामाबद्दल एक अक्षर बोलली नाहीस. मॅनेजरच्या बाजूने बघ ना, त्यांना काय दिसतं? मुलगी पाच दिवस रजेवर गेली, सहाव्या दिवशी लॉगिन झाली, रडली नाही, काही मागितलं नाही, रोस्टरमध्ये होती तिथेच बसली. त्यांच्या डोक्यात तो विषय तिथेच संपला. मग तीन आठवड्यांनी डुप्लिकेट पेमेंट झालं तेव्हा त्यांनी या दोन गोष्टी जोडल्याच नाहीत, जोडायला तू काही दिलंच नव्हतंस. त्यात त्यांचा दुष्टपणा असेलच असं नाही.

आता आईचं अपघाताचं. आई तसं का म्हणते ते मला कळतं, तिला तुझ्यावर आणि त्याच्यावर कोणी बोट दाखवायला नको आहे. पण हे करू नकोस, आणि मी हे खोटं बोलू नये वगैरे म्हणून सांगत नाहीये. खोटं कारण सांभाळायला फार मेहनत लागते. माझ्याकडे एक मुलगा होता, असाच प्रसंग, त्याने टीमला सांगितलं बाइकचा अपघात. दुसऱ्या दिवशी एकाने विचारलं कुठे झाला, घोडबंदरला का, तिसऱ्याने विचारलं कुठल्या हॉस्पिटलला नेलं होतं, एकाने तर खूप मनापासून त्याला एका वकिलाचा नंबर दिला की अपघाताचा क्लेम करायचा असतो, सोडू नकोस, आणि मग आठवड्याला एकदा विचारायचा की भेटलास का वकिलाला. तो पोरगा दीड महिना रोज नवीन तपशील तयार करत होता, आणि शेवटी माझ्यासमोर बसून म्हणाला, मॅडम मला आता माझ्याच वहिनीशी बोलताना आठवावं लागतं की हिला काय सांगितलंय. त्याला भावासाठी रडायला जागाच राहिली नाही. 'मला त्याबद्दल बोलायचं नाही' हे वाक्य एकदा सांगितलं की संपतं, ते लक्षात ठेवावं लागत नाही.

तुझ्या मनात दुसरी एक भीती असणार, की कागदपत्रांवरून कळेलच. ती आधी काढून टाकते. एचआर शोक रजेसाठी पुरावा मागू शकतं आणि तो पुरावा म्हणजे महापालिकेचा मृत्यू दाखला. त्या दाखल्यावर मृत्यूचं कारण नसतं. जन्म-मृत्यू नोंदणीचा जो १९६९ चा कायदा आहे त्यातच लिहिलंय की दाखला देताना रजिस्टरमधलं कारण उघड करायचं नाही. नाव, तारीख, ठिकाण, आईवडिलांचं नाव, पत्ता, एवढंच येतं. म्हणजे दाखला दिलास तर काहीही उघड होत नाही. उघड होतं ते बाकीच्या कागदांनी, म्हणजे पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट, पंचनामा, पोलिस स्टेशनचं पत्र, हॉस्पिटलने दिलेलं कारणाचं सर्टिफिकेट. घाईत माणसं मोबाइलमध्ये आहे ते सगळं एकाच मेलला लावून पाठवतात, मी अशा मेल उघडल्यात, आणि एकदा इनबॉक्सला आलं की ते किती जणांना फॉरवर्ड झालं ते मलाही सांगता यायचं नाही. त्यामुळे फक्त दाखला, बाकी काही नाही. तो यायला वेळ लागत असेल तर 'दाखला आला की देते' असं लिही, अशा मृत्यूत कागद पुढेमागे होतात आणि एचआरला उशिराची सवय असते, तोपर्यंत अगदीच अडून बसले तर स्मशानभूमीची पावती चालते का ते विचार.

याच्याच जोडीने रजेच्या पोर्टलमधला तो कारणाचा चौकोन. तिथे माणसं मन मोकळं करतात. तिथे लिहिलेलं मॅनेजरला जातं हे आपल्याला माहीत असतं, पण बऱ्याच सिस्टीममध्ये त्याची ऑटो मेल मॅनेजरच्या मॅनेजरला पण जाते, शिवाय पेरोलवाल्यांना रिपोर्टमध्ये दिसतं. तिथे 'कुटुंबात निधन' एवढे दोनच शब्द.

आता शुक्रवार. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे बोलणं शुक्रवारी करायचं नाही, त्याच्या आधी करायचं, मंगळवारी किंवा बुधवारी. कारण शुक्रवारी ते चुकीबद्दल विचारणार आणि त्याच्या उत्तरात जर तू भावाचं काढलंस तर कितीही खरं असलं तरी समोरच्याला ते सबबीसारखं ऐकू येतं, आणि तुला स्वतःलाही वाटेल की आपण भावाला ढाल केली, हे नंतर फार टोचतं. तेच तू दोन दिवस आधी स्वतःहून पंधरा मिनिटं मागून सांगितलंस तर ती माहिती होते, आणि शुक्रवारी फक्त चुकीवर बोलता येतं. वेळ मागताना पण कारण लिहू नकोस, 'पुढच्या मंथ एंडच्या प्लॅनिंगबद्दल पंधरा मिनिटं हवी होती, समोरासमोर' एवढं पुरे. मीटिंग रूम घे, काचेची असली तर दरवाजाकडे पाठ करून बस, म्हणजे डोळे भरून आले तरी पूर्ण फ्लोअरला दिसणार नाही. आणि शिफ्टच्या सुरुवातीला घे, रात्री साडेनऊला नको, तेव्हा तेही दमलेले असतात आणि तुला कॅब पकडायची असते.

काय बोलायचं ते तू फोनमध्ये लिहून ठेव. तिथे तू हिंदी-इंग्रजीत बोलशील, मी मराठीत लिहितेय, पण साधारण असं:

'सर, माझा भाऊ अचानक गेला ते तुम्हाला माहितीच आहे. मी पाच दिवसांत जॉइन झाले पण मी अजून पूर्ण सावरलेले नाही. झोप होत नाही आणि संध्याकाळी सातनंतर सलग एंट्री करताना माझं लक्ष सुटतंय. आई आता घरी एकटी असते, त्यामुळे पुढचे सहा आठवडे मला सकाळची शिफ्ट मिळाली तर बरं होईल. या मंथ एंडला मला पोस्टिंगऐवजी व्हेंडर रिकन्सिलिएशन आणि क्वेरीजवर ठेवा, किंवा पोस्टिंग करायचं असेल तर एका ठराविक रकमेच्या वरच्या एंट्री दुसऱ्या कोणीतरी बघाव्यात. आणि काही सरकारी कागदपत्रांसाठी मला मधेच अर्धा दिवस जावं लागेल, तारीख मला आदल्या दिवशीच कळते, कळली की लगेच सांगेन. सहा आठवड्यांनी आपण परत बसू.'

बघ, भावाबद्दल यात एक वाक्य आहे आणि बाकी सगळं कामाबद्दल. 'मला थोडा सपोर्ट हवाय' असं मोघम बोललीस तर ते नक्की हो म्हणतील, खूप छान बोलतील, आणि दुसऱ्या दिवशी काहीच बदलणार नाही, कारण बदलायचं काय ते त्यांना कळलंच नाही. मॅनेजरला शिफ्ट, एंट्री, तारीख अशा भाषेत दिलं की तो रोस्टर उघडून काहीतरी करू शकतो. आणि सहा आठवडे हा आकडा मी मुद्दाम टाकलाय. दुःख सहा आठवड्यांत संपतं असं मी मुळीच म्हणत नाहीये. मुदत नसलेली मागणी मॅनेजरला जड जाते, आणि मुदत घातली की परत बसायचा दिवस ठरतो, तेव्हा अजून चार आठवडे लागतील असं म्हणता येतं.

सरकारी कागदपत्रांचं वाक्य का टाकलं ते तुला कळलं असेल, पण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. असा मृत्यू झाला की पोलिस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, ज्याला सगळे एडीआर म्हणतात. घरच्यांचे जबाब होतात, पुन्हा बोलावणं येऊ शकतं, आणि लॅबचा रिपोर्ट यायचा असेल तर ते प्रकरण बंद व्हायला महिने लागतात. फोन येतो तो सकाळी अकराला आणि म्हणतात आज या. हे घडणारच आहे तर दर वेळी नवीन कारण शोधण्यापेक्षा आधीच एक साधं आणि खरं वाक्य देऊन ठेवलेलं बरं. कागदपत्रं कुठली हे कोणी विचारत नाही, सगळ्यांना वाटतं बँक, दाखला, वारस वगैरे, आणि तीही असतातच.

मग तो प्रश्न येणार. 'काय झालं होतं गं नक्की?' मॅनेजर विचारतील किंवा विचारणार नाहीत, पण पॅन्ट्रीत कोणीतरी नक्की विचारणार. आपल्याकडे हा प्रश्न वाईट हेतूने विचारत नाहीत, माणूस गेल्यावर दोन शब्द बोलायची ती पद्धतच आहे. तुझं वाक्य ठरलेलं असू दे: 'अचानक गेला. त्याबद्दल मला अजून बोलवत नाही.' आणि लगेच पुढचं कामाचं वाक्य, 'तो अमुक व्हेंडरचा रिमाइंडर आला होता ना, तो बघितलास का?' हे दुसरं वाक्य विसरू नकोस, कारण पहिल्या वाक्यानंतर जी शांतता होते ती भरायला समोरचा परत प्रश्न विचारतो, हार्ट का, ताप होता का. त्याच्या अंदाजाला हो म्हणू नकोस. मान हलवलीस तरी उद्या तीच बातमी होते आणि मग अपघातवाल्या मुलासारखं होऊन बसतं. हे वाक्य घरी दोन-तीनदा मोठ्याने म्हणून बघ, आईसमोर म्हण, कारण आईलाही शेजारी हेच विचारतायत, आणि तिलाही अपघातापेक्षा हे वाक्य सोपं जाईल.

एक गोष्ट मात्र मॅनेजरना आवर्जून सांग, टीमने भेटायला घरी येऊ नये. आपल्याकडे ऑफिसची चार-पाच माणसं ठरवून येतातच, उशिरा कळलं तर उशिरा येतात, फळं घेऊन येतात, आणि बाहेरच्या खोलीत बसून आईला विचारतात. तुला ते नको असेल तर 'आईला आत्ता कोणी यायला नको आहे, टीमला तुमच्याकडून कळलं तर बरं' असं सांग. हे काम मॅनेजरला आवडतं सुद्धा, कारण त्यांना काहीतरी करायचं असतं आणि काय ते सुचत नसतं.

सगळं सांगून टाकू का असं तू विचारलंयस, त्यामागे मला वाटतं एक ओझं उतरवायची इच्छा आहे, आणि ती चुकीची नाही. पण मॅनेजर ही त्याची जागा नाही. तुझे सर चांगले असतील, तरी उद्या त्यांच्या सरांनी विचारलं की हिला सकाळची शिफ्ट का दिली तर ते काय सांगणार? चांगल्या हेतूने, तुझी बाजू घेण्यासाठीच सांगतील. मी स्वतः हे भोगलंय. माझ्या घरातली एक गोष्ट मी माझ्या बॉसला विश्वासाने सांगितली होती, त्यांनी ती माझं अप्रेझल वाचवायला म्हणून मीटिंगमध्ये सांगितली, आणि दोन वर्षांनी प्रमोशनच्या वेळी एका अनोळखी माणसाने मला विचारलं की तुम्हाला झेपेल ना, घरी ते तसं आहे म्हणून विचारतो. बॉस तेव्हा कंपनी सोडूनही गेले होते. सांगितलेलं परत घेता येत नाही, न सांगितलेलं पुढे कधीही सांगता येतं. वर्षाने तुला वाटलं की बोलावं, तर बोल.

ऑफिसच्या आतच कोणाशी बोलावंसं वाटलं तर कंपनीचा ईएपी आहे का बघ, बाहेरच्या समुपदेशकांची सेवा असते, बहुतेक ठिकाणी काही सेशन फुकट असतात. फोन करण्याआधी पॉलिसीत एवढं वाच की कंपनीला नाव कळतं की नुसता आकडा. आणि ऑफिसच्या बाहेर बोलायचं असेल तर ठाण्यात नौपाड्याला आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, आणि सरकारची टेलिमानस लाइन आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. अशा मृत्यूनंतर घरच्यांना 'मला आधी कळायला हवं होतं' हे रात्रंदिवस खातं, आणि कधीकधी स्वतःलाही नको वाटायला लागतं. तसं तुला किंवा आईला वाटलं तर त्याच दिवशी फोन कर, मॅनेजर आणि मंथ एंड राहू दे. डॉक्टरांनी रजा लिहून दिली तर त्यांना सांग की सर्टिफिकेटवर कामावर येण्यास असमर्थ आणि तारखा एवढंच लिहा, आजाराचं नाव नको. कंपनीने जास्त विचारलं तर तेव्हा बघू.

रजेचं पण बघून घे, कारण मला वाटतं तुझे ते पाच दिवस चुकीच्या खात्यातून गेलेत. शोक रजा आपल्याकडे खाजगी नोकरीत कायद्याने नाही, ती कंपनीच्या मर्जीवर असते, साधारण तीन ते पाच दिवस असते, आणि काही पॉलिसीत जवळचे नातेवाईक म्हणजे आईवडील, नवरा-बायको, मुलं एवढेच, भावंडं नसतातच. तुझ्या पॉलिसीत भाऊ आहे का ते वाच, असेल आणि तुझी रजा नुसती कॅज्युअल पडली असेल तर एचआरला मागच्या तारखेने बदलून मागता येते, पाच आठवडे म्हणजे फार उशीर नाही. नसेल तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानं-आस्थापना कायद्यात तो लागू असलेल्या ठिकाणी वर्षाला आठ कॅज्युअल रजा पगारी आहेत, पण त्या तिमाहीप्रमाणे जमा होतात आणि वर्ष संपलं की जातात. म्हणून पोलिस स्टेशनच्या अर्ध्या दिवसांसाठी त्या ठेव आणि लांब सुट्टी लागली तर अर्न्ड लीव्हमधून घे.

शुक्रवारच्या मीटिंगकडे आता वळते. तिथे भावाचं काढू नकोस, त्यांनी काढलं तरी 'ते मी मंगळवारी बोललेय, आज चुकीबद्दल बोलते' असं म्हण. डुप्लिकेट कसं झालं ते तू लिहिलं नाहीस, पण मी ज्या केसेस बघितल्या त्यात व्हेंडर आधी इन्व्हॉइस मेल करतो, पैसे आले नाहीत म्हणून तेच परत पाठवतो, आणि एकदा नंबर INV/0457 टाकला जातो आणि एकदा INV0457, सिस्टीमला ते दोन वेगळे वाटतात म्हणून डुप्लिकेटची वॉर्निंग येत नाही. तुझंही तसं असेल तर तेच दाखव, दोन्ही एंट्रीचे स्क्रीनशॉट शेजारी शेजारी ठेवून. चूक माझी आहे, आणि ती अशी झाली. मग पैसे परत आणायचं काय केलं, व्हेंडरला लिहिलं का, पुढच्या पेमेंटमध्ये वळते होणार का, किती तारखेपर्यंत. मग पुढे काय, म्हणजे पोस्ट करण्याआधी त्या व्हेंडरची रक्कम आणि तारीख एकदा शोधून बघणार, नुसता नंबर नाही. या तीन गोष्टी अर्ध्या पानात लिहून गुरुवारी रात्रीच पाठव. शिवाय पेमेंट अप्रूव्ह करणारं दुसरं कोणीतरी होतं ना, तिथूनही ते सुटलं. हे बोट दाखवण्यासाठी बोलू नकोस, पण तू एकटीच जबाबदार आहेस असं लिहून घेत असतील तर सही करण्याआधी शांतपणे विचार की अप्रूव्हलला हे कसं दिसलं नाही, तेही आपण यात लिहायचं का.

मंगळवारचं बोलणं झालं की त्याच दिवशी चार ओळींची मेल टाक. 'आज बोलल्याप्रमाणे पुढचे सहा आठवडे सकाळची शिफ्ट, मंथ एंडला रिकन्सिलिएशन, मधे काही अर्धे दिवस, अमुक तारखेला परत आढावा. धन्यवाद.' भावाचा उल्लेख त्यात नको, 'कौटुंबिक परिस्थितीमुळे' पुरे. ही मेल अविश्वास म्हणून नाही, मॅनेजर बदलतात म्हणून. अप्रेझलला नवीन माणूस बसला तर त्याला फक्त डुप्लिकेट पेमेंट दिसेल, ही मेल असली तर दुसरी बाजूही दिसेल.

आणि बिघडतंय हे कसं ओळखायचं तेही सांगते. ते ऐकून घेतील आणि दोन आठवडे रोस्टर तसाच राहील, तर मेलला रिप्लाय करून एकदा विचार, तरी नाही झालं तर तीच मेल एचआरला पुढे पाठव, नवीन काही न सांगता. दुसरा बिघाड दिसायला चांगला असतो म्हणून लक्षात येत नाही. ते तुझ्यावर दया करून सगळंच काम काढून घेतात, क्लायंट कॉलला घेत नाहीत, मेलमधून नाव कमी करतात, 'तू आराम कर'. असं झालं तर लगेच सांग की मला काम हवंय, मी फक्त संध्याकाळच्या सलग पोस्टिंगबद्दल बोलले होते, व्हेंडर कॉल मी नीट करते. त्या मुलीला झेपत नाही हे एकदा ठरलं की वर्षभर पुसत नाही. आणि तिसरं म्हणजे दोन दिवसांत कोणीतरी तुझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागलं, तर समज की एका वाक्याचीसुद्धा चर्चा झालीय. तरी ते वाक्य 'अचानक गेला' एवढंच आहे, त्याच्या पुढे त्यांच्याकडे काही नाही.

अजून एक. तुमचे क्लायंट बाहेरचे असतील तर दिवाळीत पूर्ण सुट्टी नसणार आणि रोस्टर बराच आधी लागतो. भाऊबीजेच्या दिवशी तुला घरी राहायचंय की ऑफिसला जायचंय ते आईशी बोलून ठरव, काहींना त्या दिवशी घर खायला उठतं आणि काहींना ऑफिसमधल्या रांगोळ्या सहन होत नाहीत, तुझं तुला माहीत. घरी राहायचं असेल तर रजा आत्ताच टाकून ठेव, आणि तो कारणाचा चौकोन आहे ना, तिथे पर्सनल लिही.